सारजाबाई बाकावरच होत्या

सारजाबाईंची तक्रार आली ती शाळेच्या वहीतून फाडलेल्या पानावर, पाठपोट लिहिलेली. अक्षर नातीचं, बोलणं आजीचं. गजालानं ते पान खिडकीच्या उजेडात धरलं तेव्हा मागची ओळ पुढच्या ओळीतून दिसायला लागली, जसं दोन बाया एकदम बोलायला लागाव्यात.

"मोठ्या डॉक्टरसाहेबांना सारजाबाई कडूबा निकम, राहणार देवगाव रंगारी, यांचा नमस्कार. मी तुमच्याकडं डोळे दाखवायला आले होते. पहिल्या एसटीनं निघाले. तुमचं दार उघडायच्या आधी पायरीवर होते. चिठ्ठी काढली. आतल्या पोरीनं डोळ्यांत औषध टाकलं आन म्हणाली, आज्जी, डोळे मिटून बसा. मी बसले. लई येळ बसले. मग इचारलं तर काचंमागचा पोरगा म्हणला, तुमचा नंबर होऊन गेला, तुम्ही गैरहजर होत्या. मी कुठंच गेले नव्हते. तहान लागली तरी उठले नाय. त्यानं नवी चिठ्ठी दिली. परत औषध, परत डोळे मिटा. मग डॉक्टरच उठून गेले. मी तशीच धुरकट दिसत होतं तसं एसटीत बसून घरी आले. माझा पोरगा पुंजाराम म्हणतो, तुला डुलकी लागली असंल, तुझं भान गेलंय आता. एकटीला गावाबाहेर जाऊ देत नाय. माझी पिशवी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली. मला तुमचं काय नको. एवढं लिहून द्या का मी तिथंच होते."

खाली वेगळ्या शाईत नातीनं स्वतःचं घुसडलं होतं : "आणि आज्जी झोपली नव्हती असं पण लिहा. संस्कृती, इयत्ता आठवी."

गजाला शेख त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तक्रारींची उत्तरं लिहायच्या कामाला होती. तिच्या टेबलावर पाटी होती 'रुग्ण तक्रार निवारण', आणि त्या पाटीमागं निवारण म्हणून काही नव्हतं, एक कम्प्युटर होता. कम्प्युटरमधे उत्तर तयारच असायचं. "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. रुग्णसंख्या अधिक असल्याने विलंब झाला. सहकार्याची अपेक्षा आहे." वर नाव बदलायचं, खाली अधीक्षकांची सही घ्यायची, पोस्टात टाकायचं. दिलगिरी कोण व्यक्त करतंय, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. शहरातल्या निम्म्या कचेऱ्या असल्याच दिलगिरीवर चालतात. माणूस पत्र उलटसुलट करून बघतो आणि माफी नेमकी कुणी मागितली ते शोधत बसतो.

तक्रारीला डोळ्यांच्या विभागाचा खुलासा जोडलेला होता. एकच ओळ. "पुकारल्या वेळी रुग्ण गैरहजर. नोंद संगणकात आहे." वर अधीक्षक डॉ. सुदर्शन यांचा शेरा : "खुलाशाप्रमाणे उत्तर द्यावे."

म्हणजे सारजाबाईंना कळवायचं होतं की बाई, तुमचा पोरगा म्हणतो ते बरोबर आहे.

गजालानं नाव बदललं. निकम टाईप केलं. मग हात थांबला. रोज थांबत नव्हता, आज थांबला. त्या पिशवीनं थांबवला. खुंटीवरून काढून कपाटात ठेवलेली पिशवी तिच्या डोळ्यांपुढं आली. कापडी असणार, बंदाला गाठ मारलेली. बाईमाणसाची पिशवी कपाटात गेली की बाई घरात गेली. या पत्रावर दवाखान्याचा शिक्का बसला की ते कपाट पुन्हा उघडणार नव्हतं.

"बघून तरी येते," असं कुणालाच न सांगता ती उठली.

डोळ्यांची ओपीडी खालच्या मजल्यावर, लांबलचक दालनात. सकाळचं ऊन उंच झरोक्यांतून तिरपं पडलेलं, आणि त्या उन्हात बाकांच्या रांगाच रांगा, आणि बाकांवर माणसं डोळे मिटून बसलेली. फेटेवाले, टोपीवाले, बुरखा घेतलेल्या दोघी बहिणी, वैजापूरकडचा कुणी पहिलवान गडी. सगळ्यांचे चेहरे किंचित वर उचललेले, गालांवरून औषधाचा ओघळ सुकलेला. इतकी माणसं आणि एवढी शांतता. एखाद्या दर्ग्यात दुपारी बसतात तशी बसली होती सगळी.

ही शांतता नवी होती. आधी इथं कचरूमामा ओरडायचे. कचरूमामा म्हणजे दारावरचा माणूस. छाती एवढीशी, पण आवाज असा की औरंगपुऱ्यात उभं राहून हाक मारली तर गुलमंडीवरच्या माणसानं वळून बघावं. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं एका दमात. मग दवाखान्याला मानांकन पाहिजे झालं. तपासायला पाहुणे आले, कानावर हात ठेवून म्हणाले, हा काय बाजार आहे का? मग भिंतीवर काळी पाटी आली. तीत लाल आकडे उमटायचे, नंबर आणि दाराचा नंबर. टुंग असा आवाजसुद्धा नको म्हणून तोही बंद केला. कचरूमामांना दाराशी स्टूल दिलं आणि गप्प बसायचा पगार सुरू झाला.

"काय मामा, बरं चाललंय ना?"

"झ्याक हाय ताई," कचरूमामा कुजबुजले. कुजबुजायची त्यांना सवय नव्हती, तोंड विचित्र व्हायचं. "घरी बायको म्हणते, तुमचा आवाज बसला का? म्हणलं बसला नाय, बसवला."

तेवढ्यात आतून रूपा आली. रूपा डोळे तपासणारी, वाचायचे तक्ते दाखवणारी, डोळ्यांत थेंब टाकणारी. गजालाहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडानं दहा वर्षांनी मोठी.

"गजालादी! आज सापडलीस. किती महिने सांगतेय, चष्मा जुना झालाय तुझा. फाईल नाकाला लावून वाचतेस."

"अगं मी कामाला आलेय."

"मी काय पिकनिकला आलेय? बस इथं."

चिठ्ठीशिवाय कम्प्युटर फाईल उघडत नाही, म्हणून रूपानं खिडकीवरून गजालाच्या नावाची चिठ्ठीही आणवली. तक्ता झाला, डोळ्यांचा दाब झाला. मग रूपानं तिची मान मागं केली, आणि थंड, झोंबणारा थेंब आला. एक इकडं, एक तिकडं.

"आता बाहेर बस. अर्धा तास. डोळे मिटून हां, उघडझाप केलीस तर परत टाकावं लागेल."

"हो गं माझे आई."

कामाच्या वेळेत डोळे मिटून बसायची गजालाची ही पहिलीच वेळ. बाकावर एका बाजूला कुणाच्या तरी अंगाला बाजरीच्या पिठाचा वास होता, दुसऱ्या बाजूला अत्तराचा. पंखा फिरत होता. पापण्यांच्या आत ऊन लाल झालं, मग केशरी, मग पेरूच्या आतल्या गरासारखं गुलाबी.

आणि ती दौलताबादला पोचली.

किल्ल्याच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेला अब्बांचं पेरूचं टोपलं. अब्बा डोळे मिटून बसायचे. गिऱ्हाईक दिसलं म्हणून ते कधी ओरडले नाहीत, डोळे मिटूनच ओरडायचे, आणि गाड्या थांबायच्या. ती विचारायची, अब्बा, तुम्हारेकू कैसा मालूम पड़ता गाडी आयी करके? अब्बा म्हणायचे, बेटा, आवाज़ देना अपना काम है, आना उनका काम. आता ते डोळे मिटून बसलेले होते आणि ओरडत नव्हते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि गाड्यांत फेटेवाले, टोपीवाले, सगळे डोळे मिटलेले, कुणीच थांबेना. पेरू टोपल्यातून एकेक करून वर उचलले जात होते, दिव्यांसारखे, किल्ल्याच्या भिंतीपर्यंत. एका पेरूवर लाल आकडा होता. एक म्हातारी एसटीतून उतरून विचारत होती, "पोरी, माझी पिशवी बघितली का?" गजाला सांगायला जात होती, तर तिचाही आवाज नव्हता.

मग तिनं डोळे उघडले.

किती वेळ गेला कळेना. दालन दुधात बुडालं होतं. झरोक्यातलं ऊन फुटून सगळीकडं सांडलेलं, माणसांना कडा नव्हत्या, जो तो स्वतःभोवती उजेडाचं वलय घेऊन बसलेला. भिंतीवर लाल काहीतरी थरथरत होतं, कुंकू पाण्यात सांडावं तसं.

ती चाचपत खिडकीशी गेली. "माझा नंबर कधी आहे?"

काचेमागचा पोरगा नवा होता, त्यानं तिला ओळखलं नाही. "गजाला शेख? तुमचा होऊन गेला. तीनदा दाखवला पाटीवर. गैरहजर होता तुम्ही."

"मी इथंच होते."

"मॅडम, सगळे असंच म्हणतात." पोरगा अजिबात वाईट नव्हता. नवी चिठ्ठी त्यानं अगदी अदबीनं पुढं केली. "बसा, परत लागेल नंबर. शेवटी आहे पण."

गजाला चिठ्ठी घेऊन तिथंच उभी राहिली. मग वळून तिनं दालनाकडं बघितलं, आणि त्या दुधाळ उजेडात तिला जे दिसलं ते आधी धडधडीत उजेडात दिसलं नव्हतं. बाकांवर सगळे डोळे मिटून. भिंतीवर पाटी. ज्यांना आम्ही डोळे मिटा म्हणून सांगितलं, त्यांनाच आम्ही पाटी बघा म्हणतोय.

ज्याच्यासोबत पोरगा, सून, नात आली होती, त्याला कोपरानं ढोसून उठवलं जात होतं. "चला बाबा, आला नंबर." एकटी आलेली माणसं तशीच बसून होती, चेहरे वर करून, आज्ञाधारक. त्यांचे आकडे भिंतीवर उमटत होते आणि विझत होते. विझले की गैरहजर. गैरहजर झालं की चिठ्ठी बाद, नवी चिठ्ठी नव्या वेळेपासून. म्हणूनच दर महिन्याच्या अहवालात थांबण्याचा वेळ इतका कमी झाला होता! पहाटेपासून बसलेल्या बाईचं थांबणं कम्प्युटरनं दोन तुकड्यांत कापलं होतं, आणि त्यातला पहिला तुकडा गैरहजरीत टाकून दिला होता. अधीक्षकांनी त्या अहवालाला शाबासकी दिली होती. पेढे वाटले होते. गजालानंही एक खाल्ला होता.

बोललं कुणीच कसं नाही? कारण एकट्या माणसाला आपणच चुकलो असं आधी वाटतं. झोप लागली असेल बाबा, वय झालं. अशा माणसाला मारायला काही करावं लागत नाही, त्याच्या मनातलं त्यालाच लेखी कळवलं की पुरे.

रूपाकडून सारजाबाईंच्या त्या दिवसाची हकिकत काढून घेऊन दुपारी ती टेबलाशी आली तर कम्प्युटर वाचता येईना. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. तयार उत्तर तिथंच कुठंतरी होतं, पण तिला ते दिसत नव्हतं. एका परीनं बरंच झालं. तिनं कोरा कागद घेतला आणि पहिलीतल्या पोरीसारखं मोठ्ठं मोठ्ठं अक्षर काढत हातानं लिहायला बसली. लिहिलेली ओळ लगेच पुसट व्हायची, मागं वळून बघायची सोयच नव्हती, म्हणून ती पुढं पुढं लिहीत गेली. तोंडानं बोलत, मग लिहीत. शेजारच्या टेबलावरचा बिलांचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

एका जागी मात्र अडली. नातीनं म्हटलं होतं, आज्जी झोपली नव्हती असं लिहा. लिहायला काय लागतं? पण गजालाला स्वतःचंच कळत नव्हतं. ती दौलताबादला होती की बाकावर? झोपली होती की जागी? अर्धा तास डोळे मिटले की माणूस कुठंतरी जातोच. सारजाबाईही गेल्या असतील, माहेरी, नाहीतर कुठल्या शेताच्या बांधावर. खोटं एकदा कागदावर आलं की त्याच्या आडोशाला बाकीचं खरंही खोटं दिसतं. पेन टेकवून ती बराच वेळ बसली, आणि मग लिहिलं ते खरं तेवढंच लिहिलं.

डॉ. सुदर्शन हाडांचे डॉक्टर, स्वभावानं मऊ, फक्त कागदाला घाबरायचे. त्यांनी ते मोठ्ठ्या अक्षराचं पत्र हातात घेतलं आणि लांब धरलं.

"हे काय, गजाला? जाहिरात आहे का?"

"उत्तर आहे सर. सारजाबाई निकम, देवगाव रंगारी."

ते वाचत गेले, भुवया वर चढत गेल्या. "'ती आमची चूक होती.' अगं, हे ग्राहक मंचात दाखवलं तर? तू आमच्या बाजूची आहेस का त्या म्हातारीच्या?"

"सर, तिला मंच नको, तिची पिशवी पाहिजे."

"कसली पिशवी?"

गजालानं तक्रारीचं पान पुढं सरकवलं. त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं. शेरा मारताना वाचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर चक्क दिसलं.

"विभागानं लिहिलंय ना, नोंद आहे म्हणून," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "आणि कार्डावर छापलंय, सोबत माणूस आणा."

"छापलंय सर. पण एकट्या आलेल्याला आपण परत पाठवत नाही, चिठ्ठी देतो, औषध टाकतो. मग आपणच त्याच्यासोबतचं माणूस झालो ना?"

"नोंदीचं काय?"

"माझीपण नोंद आहे आज." तिनं दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. "सकाळी अंगठा लावून आत आले, तो कम्प्युटर म्हणतो गजाला शेख हजर. खालचा कम्प्युटर म्हणतो गजाला शेख गैरहजर. एकाच वेळी. सर, मी आज कामावर होते का नव्हते? गैरहजर असेन तर पगार कापा. हजर असेन तर ती बाईपण हजर होती."

डॉ. सुदर्शननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतं. तो वाद मिटेपर्यंत ते दोन्ही चिठ्ठ्या आलटून पालटून बघत होते.

"तुझ्या डोळ्यांना काय झालंय? बाहुल्या केवढ्या दिसतायत. मांजरासारख्या."

"तुम्ही पण टाकून बघा सर. मजा येते."

"आगाऊ आहेस." पण ते हसले. मग पेन घेतलं आणि एक ओळ आडवी मारली. तिथं तिनं लिहिलं होतं की आपल्यासारख्या अनेक एकट्या रुग्णांच्या बाबतीत हेच घडलं आहे. "हे नको. बाईनं तिचं विचारलंय, तिचं सांग. बाकीच्यांनी विचारलेलं नाही."

"विचारलं नाही म्हणून झालं नाही का, सर?"

"गजाला. बाकी सगळ्यावर सही करतो. हे नको."

तिनं ती ओळ जाऊ दिली. नंतर कितीतरी दिवस ती ओळ तिला आठवत राहिली, पण त्या दुपारी तिनं सौदा केला. ज्यांनी विचारलं नाही त्यांना पत्र गेलं नाही. आजही गेलेलं नाही.

सही करता करता ते पुन्हा थांबले. "इथं 'माफी मागत आहोत' लिहिलंस. कोण मागतंय?"

"तुम्ही सर. सही तुमची आहे."

त्यांनी 'आहोत' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'आहे' केलं, आणि आधी 'मी' घातलं. बघायला गेलं तर एवढंसंच. पण त्या कचेरीतून असा कागद आजवर बाहेर पडला नव्हता. आणि पत्रात लिहिलंय ते खरं व्हावं म्हणून त्यांनी लगेच खालच्या विभागाला फोन करून हाक मारणं सुरू करायला सांगितलं.

पत्र असं गेलं :

"सौ. सारजाबाई कडूबा निकम यांस, नमस्कार.

आपली तक्रार मिळाली. ती खरी आहे.

त्या दिवशी आपण आमच्या बाकावरच होता. डोळ्यांत औषध टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, त्याशिवाय डॉक्टरांना डोळा आतून दिसत नाही. म्हणून डोळे मिटून बसा असं आम्हीच सांगितलं. आणि नंबर मात्र आवाज न करता पाटीवर दाखवला. मिटल्या डोळ्यांना पाटी दिसत नाही, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं. ती आमची चूक होती. नंबर गेल्यावर आपल्याला नवी चिठ्ठी देऊन शेवटी बसवलं, तीही आमची चूक. त्या दिवशी दोनपैकी एक डॉक्टर शिबिराला गेले होते, त्यामुळे सगळ्यांनाच उशीर झाला आणि शेवटचे काही रुग्ण राहून गेले. हे आम्ही सकाळीच सांगितलं असतं तर आपण ठरवू शकला असता.

आपल्याला डुलकी लागली होती का, हे आम्हाला माहीत नाही. इथं डोळे मिटून बसलेल्या धडधाकट माणसालाही लागते. लागली असली तरी त्यानं आपलं भान गेलं असं होत नाही. हाक मारून उठवणं आमचं काम होतं, ते आम्ही केलं नाही. त्याबद्दल मी आपली माफी मागत आहे.

आता औषध टाकलेल्या माणसाला नावानं हाक मारतो, आणि जाग्यावर जाऊन बघितल्याशिवाय कुणालाही गैरहजर लिहीत नाही. नंबर चुकला तरी चिठ्ठी तीच चालते. येत्या शुक्रवारी आपण यावं, आपली तपासणी आधी होईल. औषधानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून परतताना आमचा माणूस आपल्याला एसटीत बसवून देईल. काही अडचण आली तर गजाला शेख यांना भेटावं."

खाली सही, शिक्का. आणि फाईलच्या प्रतीवरचं 'सौ.' बघून गजालानं मागाहून कपाळाला हात लावला, कारण सारजाबाईंचा नवरा आहे की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं. पत्र तोवर पोस्टात पडलं होतं.

शुक्रवारी डोळ्यांच्या दालनात कचरूमामा उभे होते. बसलेले नव्हते, उभे. स्टूल भिंतीला लावून ठेवलेलं. पाटीही चालूच होती, मानांकनवाल्यांसाठी. आणि आवाजही चालू होता, माणसांसाठी. विभागप्रमुखांनी एकदा दार उघडून कपाळाला आठ्या घालून बघितलं, आणि दार लावून घेतलं.

गजाला कोपऱ्यात उभी होती. तिला वाटत होतं, येणार नाहीत. पत्र मिळालंच नसेल. पुंजारामनं वाचून बाजूला ठेवलं असेल. पोरीनं वाचून दाखवलं तरी घरात कोण ऐकतं आठवीतल्या पोरीचं?

मग दारातून उन्हाबरोबर एक म्हातारी आत आली. नऊवारी, पायांत रबरी चपला, दंडावर जुनं गोंदण. खांद्याला कापडी पिशवी, बंदाला गाठ. बंद तिनं दोन्ही हातांनी असा धरला होता की आता कुणी काढून तर बघा.

मागं कुणी नव्हतं.

"सारजामावशी?"

"व्हय. तू गजाला का? मला वाटलं गजाला म्हंजी कुणीतरी चष्मेवाली जाडी बाई असंल."

"चष्मा आहे ना," गजाला हसली. "नवा केलाय. पत्रात चुकलं माझं, मावशी. सौ. लिहिलं."

"बघितलं. कडूबा जाऊन लई वरसं झाली." सारजाबाई बाकावर टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली. "नात म्हणली, आज्जी, यांनी तुला सौ. केलं. म्हणलं ऱ्हाऊ दे, दवाखान्यानं फुकटात नवरा दिला."

"आणि पुंजारामभाऊ?"

"त्यानं वाचलं. मनातल्या मनात वाचलं, मग संस्कृतीनं मोठ्यानं वाचलं. त्या डुलकीपाशी आली तवा तो म्हणला, बघ, यांनी पण लिहिलं लागली असंल म्हणून. मी म्हणलं, अरं पुढं वाच की मर्दा. पुढं वाचलं त्यानं. सकाळी उठले तर पिशवी खुंटीवर." त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. "तोंडानं नाय बोलला काय. पण खुंटीवर ठेवली."

रूपा आली, औषध टाकून गेली. सारजाबाईंनी चेहरा वर केला आणि डोळे मिटले. सुरकुत्यांतून थेंब घरंगळला, त्यांनी पुसला नाही. झरोक्यातलं ऊन सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मांडीवरच्या पिशवीवर आलं. गजाला त्यांच्या शेजारी बसली. काम पडलं होतं, पडू दे म्हटलं. दालन पुन्हा त्या दिवशीसारखं मऊ झालं, पंख्याच्या आवाजात वाहत चाललेलं. शेजारी म्हातारीचा श्वास हळूहळू लांब होत गेला. झोपल्या का? त्या देवगावला गेल्या असतील, नाहीतर त्याच्याही पलीकडं, कडूबा जिथं बैलं सोडत असतील तिथं. गजालानं त्यांना ढोसलं नाही. ढोसायची आता गरज नव्हती.

कचरूमामांनी छातीत हवा भरली.

"सारजाबाई कडूबा निकम! देवगाव रंगारी!"

आवाज दालनाच्या छताला लागून पसरला, मिटल्या पापण्यांवरून फिरला. कितीतरी माणसांनी माना हलवल्या, जणू प्रत्येकालाच वाटलं, आपलं नाव आलं. बाहेर अंगणात पाणी पिणारा एक माणूस दारात येऊन बघून गेला.

सारजाबाई हलल्या नाहीत.

गजाला त्यांच्याकडं वळली. ती वाकली. "मावशी? तुम्हाला बोलावलं."

"आयकलं." डोळे मिटलेलेच होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "येकदा अजून म्हणू दे त्याला. गावासकट."